रागाचा मेल आणि अडुसष्ट पीस

वाचकाचं पत्र

अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीत आहे, सात वर्षं झाली. ग्राहकाने एका पार्टचं ड्रॉइंग बदललं, रिव्हिजन बी जाऊन सी आलं. बदलाची नोट प्लॅनिंगला ३ तारखेला मिळाली. तरी ९ तारखेच्या जॉब कार्डसोबत शॉपवर जुनंच ड्रॉइंग गेलं आणि २४० पिसांचा लॉट बिघडला. पहिल्या पिसावर आमच्या ट्रेनीची सही आहे, पण हातात जे ड्रॉइंग दिलं तेच तो बघणार ना? प्लॅनिंगमधले सर माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. त्या रात्री त्यांना मेल लिहिला, प्लांट हेडना सीसी ठेवून. नवऱ्याने वाचला आणि म्हणाला, ‘हा पाठवलास तर उद्यापासून डबा एकटीच खाशील.’ मग दुसरा लिहिला, तर तो इतका गोड झाला की त्यात तक्रारच उरली नाही. दोन्ही मसुदे आणि मोजमापाचा तक्ता जोडते आहे. कोणता पाठवू?

— अंबड, नाशिक

उत्तर

कोणताच नको. पण पहिला पुसूनही टाकू नका, कारण कामाचा सगळा मजकूर त्यातच आहे. फक्त आत्ताच्या आत्ता त्यातला ‘To’चा रकाना रिकामा करा. पत्ता भरलेला मसुदा रात्री अकरा वाजता उघडून बसणं म्हणजे गॅस चालू ठेवून झोपणं.

आधी गोड मेल बघू. ‘नमस्कार सर, कालच्या लॉटच्या ड्रॉइंगमध्ये थोडा गोंधळ झालेला दिसतोय. वेळ मिळाला की बघाल का? यापुढे आपण सगळेच काळजी घेऊ.’ यावर सर ‘ओके, नोटेड’ लिहितील आणि त्यात त्यांची काही चूक नसेल. कोणता लॉट, किती पीस, कोणतं ड्रॉइंग, काय करायचं, कधीपर्यंत, यातलं एकही तुम्ही सांगितलेलं नाही. शांत मेल म्हणजे गुळगुळीत मेल, असं तुम्ही धरून चाललात. पहिला मसुदा फार बोलतो, दुसरा काहीच बोलत नाही. सरांचं काम दोन्हींमुळे अडतं.

आता पहिला. तो इथे जवळजवळ पूर्ण देते, कारण असा मेल आपल्यापैकी अनेकांनी लिहिलेला असतो:

‘सर, आपल्यासारख्या अनुभवी माणसाला साधं रिव्हिजन बघता येऊ नये याचं आश्चर्य वाटतं. ३ तारखेला नोट येऊनही ९ तारखेला तुम्ही जुनंच ड्रॉइंग पाठवलंत. हे तिसऱ्यांदा होतंय. पूर्ण लॉट भंगारात गेला. क्वालिटीच्या कामाची तुम्हाला किंमतच नाही. शनिवारी रात्री ११ वाजेपर्यंत माझी दोन माणसं २४० पीस मोजत बसली, तेव्हा तुम्ही घरी होतात. निदान यापुढे तरी लक्ष द्या.’

याची प्रिंट काढा आणि पेन्सिल घ्या. जे वाक्य रजिस्टर, कार्ड किंवा गेज समोर ठेवून दाखवता येईल त्याखाली सरळ रेघ मारा. तुम्हाला काय वाटलं ते सांगणाऱ्या वाक्याखाली नागमोडी रेघ. आणि सरांच्या मनात काय होतं किंवा ते कसे आहेत हे सांगणाऱ्या वाक्यावर फुली. ‘किंमतच नाही’वर फुली. ‘आश्चर्य वाटतं’ हे दिसायला नागमोडी, पण तुम्हाला आश्चर्य वाटलेलं नाही, तुम्ही टोमणा मारलाय. तिथेही फुली. ‘तुम्ही घरी होतात’ खरं असेलही, पण त्यांना कोणी थांबायला सांगितलं होतं का? फुली.

सरळ रेघेची वाक्यं उरतील. इथे माझा तुम्हाला खरा प्रश्न आहे: ती तरी सरळ आहेत का? एकेक तपासू.

‘पूर्ण लॉट भंगारात गेला.’ तुमचाच तक्ता बघा. या पार्टला २५ मिलिमीटरचा बोअर आहे. जुन्या ड्रॉइंगवर त्याला एच ८ होतं, म्हणजे २५.००० ते २५.०३३ पर्यंत चालायचं. नव्यावर एच ७ आलं, म्हणजे वरची मर्यादा २५.०२१. (बाकीच्या वाचकांसाठी: भोक किती मोठं चालेल याची ही हद्द आहे, आणि ती १२ मायक्रॉनने आत आली.) तुमच्या तक्त्यात २५.०२१ च्या वर गेलेले पीस मी मोजले. ते ६८ आहेत, सगळ्यात मोठा २५.०३०. उरलेले १७२ नव्या ड्रॉइंगलाही बसतात. रागात ६८ चे २४० झाले. हा मेल गेला असता तर सरांनी एका ओळीत तुमचा आकडा पाडला असता आणि पुढची सगळी चर्चा ‘मॅडम आकडे फुगवतात’ यावर गेली असती. ६८ पीस काही कमी नाहीत. बोअर मोठा झाला की कापून गेलेला धातू परत येत नाही. ग्राहकाने लेखी डेव्हिएशन, म्हणजे एवढ्यापुरती सूट, दिली तरच ते वाचतील.

आणखी एक गोष्ट तक्त्यातच दिसते. जुन्या मर्यादेने २४० च्या २४० पीस पास आहेत. मशीनवरच्या माणसाने हातातल्या कागदाप्रमाणे चोख काम केलंय. तेव्हा ‘लॉट बिघडला’ हे वाक्यसुद्धा जपून वापरा, ते शॉपच्या कानावर गेलं तर तिकडून दुसरं भांडण येईल.

‘हे तिसऱ्यांदा होतंय.’ मसुद्याच्या शेवटी स्वतःसाठी केलेल्या नोंदीत तुम्हीच लिहिलंय: मार्चमध्ये चुकीचं ड्रॉइंग, मेमध्ये माल उशिरा. मेमधलं प्रकरण वेगळं आहे. राग आला की जुनी सगळी उधारी एकाच पावतीवर चढते. ड्रॉइंगपुरतं हे दुसऱ्यांदा झालंय, आणि ‘मार्चनंतर दुसऱ्यांदा’ हे शब्द ‘तिसऱ्यांदा’पेक्षा जड आहेत, कारण ते कोणी खोडून काढू शकत नाही.

‘तुम्ही जुनंच ड्रॉइंग पाठवलंत.’ हे तुम्ही पाहिलंत का? बदलाची नोट सरांच्या नावावर आली होती की प्लॅनिंगच्या सामाईक आयडीवर? जॉब कार्डला जोडायची प्रिंट कोण काढतं? बऱ्याच ठिकाणी ते काम एखादा मुलगा फोल्डर उघडून करतो आणि फोल्डरमध्ये बी आणि सी शेजारी शेजारी पडलेले असतात. प्लॅनिंगची चूक यातून सुटत नाही, पण ती कुठे झाली हे बदलतं. तुम्हाला पक्कं माहीत आहे ते इतकंच: ९ तारखेच्या जॉब कार्डसोबत शॉपवर रिव्हिजन बी होतं. तेवढंच लिहा आणि ते कसं गेलं हे त्यांना विचारा.

आता ते वाक्य, जे तुम्ही मला लिहिताना ‘पण’ लावून पटकन ओलांडलंत. पहिल्या पिसावर क्वालिटीची सही. ट्रेनीने हातातलं ड्रॉइंग बघितलं हे बरोबर. पण पहिला पीस पास करताना मापं बघतात तसंच, कार्डवरचं रिव्हिजन चालू यादीशी जुळतंय का हेही बघायचं असतं, नाहीतर त्या सहीला अर्थ काय? आणि प्लग गेज कोण इश्यू करतं? तुमचाच विभाग. जुन्या गेजची नो-गो बाजू, म्हणजे जी बोअरमध्ये शिरली की पीस नापास, ती २५.०३३ ची. ती २५.०२८ च्या पिसाला कशी अडवणार? म्हणजे अडवण्याच्या दोन जागा क्वालिटीकडे होत्या आणि दोन्ही निसटल्या. हे तुम्ही आधी लिहिलंत तर ती माहिती आहे. सरांनी ‘रिप्लाय ऑल’ करून पहिल्या पिसाचा कागद जोडला तर तोच तुमच्यावरचा आरोप होईल. मात्र ट्रेनीचं नाव घालू नका. ‘क्वालिटीकडून’ एवढं पुरे. बरं, हे कबूल केलं म्हणजे सरांची बाजू माफ झाली असंही नाही. प्लॅनिंगचं एक वाक्य, क्वालिटीचं एक वाक्य, दोन्ही तितकीच उघडी.

थोडं भाषेचं. आपल्या मराठीत राग विशेषणांपेक्षा बारीक शब्दांत जास्त बसतो. तुमच्या मसुद्यात शिवी एकही नाही, तरी तो झोंबतो, कारण त्यात ‘जुनंच’मधला च आहे, ‘निदान’ आहे, ‘तरी’ आहे, ‘साधं’ आहे. ‘यापुढे रिव्हिजन बघा’ आणि ‘निदान यापुढे तरी रिव्हिजन बघा’, यात दोनच शब्दांचा फरक आहे. पहिल्यात काम सांगितलंय, दुसऱ्यात लाज काढलीये. एरवी सरांना ‘तुम्ही’ म्हणणारी माणसं भांडणात अचानक ‘आपण’वर जातात, तेही ऐकणाऱ्याला कळतं. मसुद्यातले सगळे च, तरी, निदान, जरा, साधं शोधून काढा, अर्धा ताप तिथेच उतरेल. ऑफिसचे मेल इंग्रजीत जात असतील तर तिकडचेही काटे ठरलेले आहेत. ‘ॲज पर माय ट्रेलिंग मेल’ आणि ‘फॉर युवर काइंड इन्फर्मेशन’ आता आमच्याकडे नळावरच्या भांडणातल्या ‘बाई गं, ऐक’सारखे वाचले जातात.

याच्या उलट एक खड्डा आहे आणि शांत लिहायला बसलेली माणसं हमखास त्यात पडतात. कर्ताच गायब करायचा. ‘ड्रॉइंग बदलायचं राहून गेलं.’ ‘गोंधळ झाला.’ कोणाकडून राहिलं, कोणी करायचं होतं? मराठीत असं बिनमाणसाचं वाक्य फार सोपं पडतं आणि त्याने तक्रार विरघळून जाते. माणसाचा स्वभाव काढू नका, पण विभागाचं नाव आणि त्याचं काम राहू द्या: ‘सी आल्यावर बी काढून घेणं प्लॅनिंगकडे आहे, ते या लॉटला झालेलं नाही.’ यात राग नाही आणि पळवाटही नाही.

आणि तुमच्या मनस्तापाचं काय? तो लिहायचाच नाही का? तुमच्या मसुद्यातलं सगळ्यात दणकट वाक्य शनिवारचं आहे. शेपूट तोडलं की ते असं उरतं: ‘शनिवारी दोन जणांनी रात्री ११ वाजेपर्यंत थांबून २४० पीस मोजले.’ याच्या पुढेमागे काहीही लावू नका. वाचणाऱ्याला ते दोघं दिसतात, तुम्ही ‘मला फार त्रास झाला’ लिहून दिसणार नाहीत.

मी स्वतः सातपूरला एका कारखान्यात स्टोअर्समध्ये होते, कागदी मेमोच्या काळात. मी एकदा खरेदीवाल्यांना खरमरीत मेमो लिहून टायपिस्टबाईंकडे दिला. कार्बन लावून तीन प्रती करायच्या होत्या, आजची सीसी तिथूनच आलेली. बाईंनी कागद बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, ‘चहानंतर करते, तोवर तुम्ही ते पावत्यांचे नंबर आणून द्या.’ नंबर शोधायला गेले तर दोन पावत्या माझ्याच टेबलाच्या खणात निघाल्या. तो मेमो कधीच टाइप झाला नाही. आज मध्ये ती बाई नाही. जीमेलमध्ये `Undo Send` आहे, पण सेटिंगमध्ये जास्तीत जास्त ३० सेकंद मिळतात. आउटलुकच्या क्लासिक डेस्कटॉप आवृत्तीत नियम लावून गेलेला मेल काही मिनिटं अडवून ठेवता येतो, १२० मिनिटांपर्यंत. मी १५ लावायला सांगते. पाठवून झाल्यावर परत बोलावण्याच्या सोयीवर विसंबू नका. ती ऑफिसच्या आतल्या पत्त्यांवरही कधी चालते, कधी नाही, आणि बाहेरच्या पत्त्यावर तर चालतच नाही.

तर मेल. मी तो असा लिहीन:

विषय: ९ तारखेचं जॉब कार्ड, रिव्हिजन बी वापरलं गेलं, ६८ पीस रिजेक्ट

‘नमस्कार सर,

९ तारखेच्या जॉब कार्डसोबत शॉपवर रिव्हिजन बीचं ड्रॉइंग होतं. रिव्हिजन सीची नोट प्लॅनिंगला ३ तारखेला आली आहे. सीमध्ये बोअरची वरची मर्यादा २५.०३३ वरून २५.०२१ झाली.

शनिवारी दोन जणांनी रात्री ११ वाजेपर्यंत थांबून २४० पीस मोजले. १७२ पीस सीप्रमाणे पास, ६८ रिजेक्ट. तक्ता जोडला आहे. बोअर मोठा असल्याने रीवर्क होणार नाही.

क्वालिटीकडूनही पहिल्या पिसाच्या वेळी रिव्हिजन तपासलं गेलं नाही, आणि गेज जुनंच होतं. नवं गेज आज इश्यू करते. यापुढे कार्डवरचं रिव्हिजन यादीशी जुळल्याशिवाय पहिल्या पिसावर सही होणार नाही.

सी आल्यावर बीच्या प्रती शॉपमधून काढून घेणं प्लॅनिंगकडे आहे. या लॉटला ते झालेलं नाही. मार्चनंतर हे दुसऱ्यांदा झालं आहे. तुमच्याकडून तीन गोष्टी हव्यात:

६८ पिसांचा बदली लॉट कधी लावता येईल, हे उद्या दुपारी १ पर्यंत. १७२ पीस आधी पाठवायचे का, हेही तेव्हाच कळवा, म्हणजे मी डेव्हिएशनबद्दल ग्राहकाशी बोलते.

बीच्या सगळ्या प्रती आज परत घेऊन रद्दचा शिक्का.

जॉब कार्डवर रिव्हिजन नंबर छापून येईल अशी सोय, आणि ३ ते ९ तारखेच्या मध्ये नोट कुठे थांबली हे शुक्रवारपर्यंत.

सकाळी ९.३० ला मी तुमच्याकडे येते, बसून बोलू.’

तुमच्या पहिल्या मसुद्यातलं एकही खरं गाऱ्हाणं यातून सुटलेलं नाही. उलट शेवटचा प्रश्न, नोट सहा दिवस कुठे होती, तुमच्या रागाच्या मेलमध्ये नव्हताच. ‘लक्ष द्या’ यावर कोणी काय करणार? ‘उद्या १ पर्यंत’ म्हटलं की १ वाजून १० मिनिटांनी फोन करायचा हक्क येतो.

मेल झाला की मी एक तपासणी करते. डोळ्यांसमोर समोरच्याचं उत्तर आणायचं. त्याचं पहिलं वाक्य स्वतःबद्दल असेल, ‘मी वीस वर्षं इथे आहे’ किंवा ‘मी मुद्दाम केलं का?’, तर मेल अजून कच्चा आहे, कुठेतरी फुलीचं वाक्य लपून राहिलंय. पहिलं वाक्य ड्रॉइंगबद्दल असेल तर पाठवायला हरकत नाही.

सीसीचं सांगते. प्लांट हेडनी या मेलवर काही ठरवायचं आहे का? ६८ पीस स्क्रॅप दाखवायला त्यांची सही लागते, म्हणजे त्यांना कळायला हवंच. पण आधी सरांच्या टेबलापर्यंत चालत जा, दोन मिनिटांत तोंडी सांगा: ‘सर, असं झालंय, मी मेल टाकते आहे, स्क्रॅपसाठी प्लांट हेडना सीसी आहे.’ एवढं सांगून टाकलेली सीसी ही कामाची सीसी. न सांगता टाकलेली चुगली ठरते, मजकूर अक्षरशः तोच असला तरी. ते पंधरा वर्षांनी मोठे आहेत, त्यांना ते स्क्रीनवर आधी कळू नये. आणि बोलण्यात कदाचित कळेल की नोट त्या आयडीवर आली तेव्हा ते गावाला होते. तसं निघालं तर मेलचा शेवटचा मुद्दा बदलेल, बाकी तसाच राहील.

ते चिडून उत्तर देतील, अशीही शक्यता आहे. तेव्हा त्यांच्या उत्तरात ड्रॉइंगविषयी जे असेल तेवढ्यालाच उत्तर द्या. ‘तुमची क्वालिटी काय झोपली होती?’ याचं उत्तर तुमच्या तिसऱ्या परिच्छेदात आधीच आहे. पुन्हा देऊ नका.

असाच प्रश्न घेऊन लिहिणाऱ्या इतरांसाठी एक मर्यादा सांगायला हवी. ही रीत कामाच्या चुकीसाठी आहे. सहकारी अपमान करतो, शिवीगाळ करतो, त्रास देतो, तिथे तुमच्या मेलला मऊ करायची गरज नाही. तिथे त्याने वापरलेले शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळेसह लिहायचे आणि ते त्याला नाही, वरच्यांना द्यायचे. आणि एखाद्या मशीनचं गार्ड काढलेलं दिसलं तर मेल लिहीत बसू नका, आधी मशीन बंद करायला लावा.

तुम्ही मात्र उद्या सरांकडे जायच्या आधी एकदा त्या मशीनवर जा. पॅनेलच्या दाराला टेपने चिकटवलेली बीची प्रिंट अजून तिथेच असेल, असा माझा अंदाज आहे. आणि तिच्याखाली पुढच्या लॉटचं कार्ड लागलंय का, तेही बघा. लागलं असेल तर मेल नंतर, आधी सेटरला थांबवा.